आपल्याच वायरी अचूक मोजा : नवशिक्यांसाठी मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

गोंदिया जिल्ह्यातल्या सौंदडसारख्या धानपट्ट्यातल्या गावात, हंगाम ऐन भरात असताना एखाद्या राइस मिलच्या मेन स्विचमधून जळक्या प्लास्टिकचा वास येऊ लागतो. मालक मिस्त्रीला बोलावतो आणि विचारतो, "भाऊ, हे थिंबल एवढं गरम काऊन होऊन राहिलं?" मिस्त्री मल्टीमीटर काढतो, दोन टोकं टेकवतो, आकडा पाहतो आणि म्हणतो, "मीटर तर बरोबर दाखवून राहिला."

मीटर खरोखरच बरोबर दाखवत असतो. फक्त तो थिंबलचा रोध दाखवत नसतो, मिस्त्रीच्या हातातल्या लाल-काळ्या वायरींचा दाखवत असतो. अनेक लोक हे काम आयुष्यभर नकळत करतात. ते जाणीवपूर्वक, पायरीपायरीने आणि हमखास कसे करावे, हे पुढे सांगितले आहे. ज्यांना आपल्या वायरींमध्ये रस नाही आणि सांध्याचाच रोध मोजायचा हट्ट आहे, त्यांनी पहिल्या चार पायऱ्या अनुभवासाठी वाचाव्यात आणि पाचवीपासून कामाला लागावे.

साहित्य

साडेतीन अंकी साधे मल्टीमीटर, शक्यतो दोन. ट्रॅक्टरची १२ व्होल्टची चार्ज केलेली बॅटरी. हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब, होल्डरसह. चार क्रोकोडाइल क्लिप. दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, भरपूर. पॉलिश पेपर. वही.

आधी एक गंभीर सूचना, हिच्यात गंमत नाही

पुढची सगळी मोजमापे वीज पूर्ण बंद करूनच करायची आहेत. मेन स्विचचा दांडा खाली ओढला म्हणजे स्विच मेला, असे होत नाही. आत येणाऱ्या बाजूचे तीनही टर्मिनल तेव्हाही जिवंतच असतात. त्यामुळे पुरवठा मागच्या टप्प्यावर अधिकृत माणसाकडून तोडून घ्या, प्रत्येक टर्मिनल टेस्टरने आणि मीटरने तपासा आणि कपॅसिटर बँक असेल तर ती पूर्ण उतरल्याची खात्री करा. हे करता येत नसेल तर मार्गदर्शिका मिटवा.

पायरी १ : गरम सांधा निवडा

समजा मिलची मोटर ५० अश्वशक्तीची आहे आणि भार असताना ती प्रत्येक फेजमधून सुमारे ६० अँपिअर घेते. मेन स्विचपासून स्टार्टरपर्यंत ३५ चौरस मिलिमीटरची अ‍ॅल्युमिनिअमची केबल गेली आहे, लांबी १५ मीटर. स्विचच्या बाहेर जाणाऱ्या बाजूला तीन थिंबल आहेत. लाल आणि निळ्या फेजचे थिंबल स्वच्छ दिसतात. मधल्या, पिवळ्या फेजच्या थिंबलवरची स्लीव्ह तपकिरी पडली आहे. म्हणजे दोषी कोण ते डोळ्यांना दिसते आहे. आता मीटर लावून ते निर्दोष ठरवायचे आहे.

आधी हिशेब करू. सांध्यात तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रोध. धड बसवलेल्या सांध्याचा रोध ०.१ मिलिओहम धरला, तर ६० अँपिअरला त्यात ०.३६ वॉट तयार होतात. एवढ्याने स्लीव्हला काही होत नाही. तोच सांधा खराब होऊन ५ मिलिओहमचा झाला, तर १८ वॉट तयार होतात. लहान सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचे असते. १८ वॉट बोटभर थिंबलमध्ये, बंद पेटीत, दिवसभर तयार होत राहिले की स्लीव्ह तपकिरी पडणारच.

चांगला सांधा आणि जळणारा सांधा यांच्यातला सगळा फरक असा ४.९ मिलिओहमचा आहे. म्हणजे एका ओहमच्या दोनशेव्या भागाएवढा. हा आकडा लक्षात ठेवा, कारण पुढच्या तीन पायऱ्यांत तो लपवायचा आहे.

पायरी २ : मीटर २०० ओहमवर लावा आणि टोके टेकवा

एक टोक थिंबलच्या मागे दिसणाऱ्या तारेवर, दुसरे स्विचच्या टर्मिनलवर. आकडा येईल ०.३ ओहम. आता लाल फेजवर टेकवा : ०.३. निळ्यावर : ०.३. तिन्ही सारखे आले, तेव्हा मालकाला सांगा की तिन्ही सांधे ठीक आहेत. कंटिन्युइटीचा आवाजही ऐकवा. सगळ्यांना बरे वाटते.

जिज्ञासूंनी आता दोन्ही टोके एकमेकांना टेकवून पाहावीत, मध्ये कुठलाही सांधा नको. पुन्हा ०.३. हा आकडा येतो कुठून? मीटरच्या प्रत्येक लीडमध्ये मीटरभर बारीक तार असते, तिचा दशांश ओहमच्या आसपास रोध. पिना मीटरच्या सॉकेटात जिथे बसतात तिथे थोडा. टोकांचा धातू जिथे टेकतो तिथे थोडा, आणि तो तुम्ही किती जोराने दाबता यावर. या सगळ्यांची बेरीज म्हणजे ०.३. पिवळ्या फेजच्या खराब सांध्याचे ०.००५ त्यात मिळवले तर ०.३०५ होतात, आणि या रेंजवर मीटरचा शेवटचा अंक ०.१ चा आहे. जळणारा सांधा त्या शेवटच्या अंकाचाही विसावा भाग आहे.

असे का होते, ते नीट समजून घ्या, कारण पुढचे सगळे यावरच उभे आहे. ओहमच्या रेंजवर मीटर स्वतःकडून थोडा करंट सोडतो आणि आपल्या दोन सॉकेटांमध्ये किती व्होल्टेज पडले ते पाहतो. त्या व्होल्टेजला करंटने भागले की रोध मिळतो. करंट लाल लीडमधून जातो, सांध्यातून जातो, काळ्या लीडमधून परत येतो. वाटेत प्रत्येक तुकड्यावर थोडे थोडे व्होल्टेज पडते. मीटर व्होल्टेज पाहतो ते आपल्या सॉकेटांपाशी, म्हणजे या सगळ्या वाटेच्या बाहेरच्या टोकांना. तिथून त्याला फक्त एकूण बेरीज दिसते. कुठला हिस्सा लीडचा आणि कुठला सांध्याचा, हे सांगायला त्याच्याकडे काहीही साधन नाही.

पायरी ३ : REL बटण दाबून वजाबाकी करा

थोडा महागडा मीटर असेल तर त्यावर REL असे बटण असते. टोके एकमेकांना टेकवून ते दाबले की ०.३ चा शून्य होतो. आता सांध्यावर टेकवा. आकडा येईल ०.०. पुन्हा टेकवा : ०.१. जरा दाबून टेकवा : उणे ०.१. उणे रोधाचा सांधा सापडल्याचा आनंद थोडा वेळ घ्या.

धान मोजताना आपण हेच करतो आणि तिथे ते चालते : धर्मकाट्यावर भरलेली ट्रॉली मोजायची, रिकामी मोजायची, वजा करायची. पण मूठभर तांदळाचे वजन करण्यासाठी कोणी ट्रॉली काट्यावर चढवत नाही. काट्याचा शेवटचा अंकच काही किलोंचा असतो, आणि दोन वेळांमध्ये चाकांना चिखल लागला की हिशेब त्या चिखलाचाच होतो. इथे ट्रॉली म्हणजे ०.३ ओहमच्या लीड, मूठ म्हणजे ०.००५ ओहमचा सांधा आणि चिखल म्हणजे टोकांचा स्पर्श. टोके एकमेकांना टेकवली तेव्हाचा स्पर्शरोध आणि काळवंडलेल्या थिंबलवर टेकवली तेव्हाचा स्पर्शरोध सारखा नसतो. जी गोष्ट दर वेळी बदलते, ती एकदाच मोजून वजा करता येत नाही.

पायरी ४ : जाडजूड लीड विकत घ्या

वजाबाकी जमत नाही म्हटल्यावर पुढचा मान्यताप्राप्त उपाय हा आहे. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ७.४ मिलिओहम असतो. अशा मीटर-मीटरच्या दोन लीड केल्या तर त्यांचे जवळजवळ १५ मिलिओहम झाले, म्हणजे खराब सांध्याच्या तिप्पट आणि चांगल्या सांध्याच्या दीडशेपट. स्पर्शरोध वेगळाच. पैसे गेले, लीड जड झाल्या, आणि मोजतो आहोत अजून लीडच.

शिवाय एक दुसरी अडचण आहे, जी वायरी कितीही जाड केल्या तरी सुटत नाही. साधा मल्टीमीटर २०० ओहमच्या रेंजवर साधारण एक मिलिअँपिअर किंवा त्याहूनही कमी करंट सोडतो. त्या करंटला ५ मिलिओहमवर पडणारे व्होल्टेज ५ मायक्रोव्होल्ट. याच मीटरची सर्वांत बारीक व्होल्टेज रेंज २०० मिलिव्होल्टची, आणि तिचा शेवटचा अंक १०० मायक्रोव्होल्टचा. म्हणजे लीड पूर्ण नाहीशा झाल्या असत्या तरी हा मीटर या करंटवर सांधा पाहू शकत नाही.

इथे मार्गदर्शिकेचा मुख्य भाग संपला. तुम्ही आपल्या वायरी तीन वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्या आहेत.

पायरी ५ : (हट्टी लोकांसाठी) करंटची वाट वेगळी, व्होल्टेजची वाट वेगळी

बॅटरीच्या धन टोकापासून वायर बल्बला. बल्बपासून पहिल्या मीटरला, तो १० अँपिअर डीसीच्या सॉकेटवर. तिथून वायर थेट स्टार्टरपर्यंत न्या आणि पिवळ्या फेजच्या टर्मिनलला क्लिप लावा. करंट आता केबलमधून १५ मीटर उलटा येईल, खराब थिंबलमधून जाईल आणि स्विचच्या टर्मिनलवर पोहोचेल. टर्मिनलच्या पट्टीच्या टोकाला, बोल्टपासून जमेल तितक्या लांब, दुसरी क्लिप लावा आणि तिथून वायर बॅटरीच्या ऋण टोकाला. बल्ब पेटेल. थंड फिलामेंटचा रोध फारच कमी असल्यामुळे पहिल्या क्षणी करंट बराच जास्त जातो. म्हणून आधी मीटरऐवजी साधी वायर लावून बल्ब पेटवावा, मग मीटर मध्ये घ्यावा आणि आकडा टिपून लगेच काढावा, कारण १० अँपिअरची सॉकेट फार वेळ करंट सोसण्यासाठी नसते.

६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर ५ अँपिअर घेतो. आपल्या मांडणीत मीटर दाखवील समजा ४.८. तेवढी घट लांबलचक वायरमुळे झाली. दीड चौरस मिलिमीटरच्या १५ मीटर वायरीचा रोध ०.१८ ओहम, म्हणजे तिच्यावर जवळजवळ ०.९ व्होल्ट गेले. घाबरू नका. करंट किती आहे ते आपण मोजलेले आहे, तो ४.८ असो की ४.२, हिशेबात तोच घालायचा आहे.

आता दुसरा मीटर घ्या. तो २०० मिलिव्होल्ट डीसीवर. त्याचे एक टोक थिंबलच्या मागे, इन्सुलेशन आणि थिंबल यांच्यामध्ये उघड्या दिसणाऱ्या तारेवर टेकवा. दुसरे टोक स्विचच्या टर्मिनलवर, बोल्ट आणि करंटची क्लिप यांच्या मधल्या जागी. आकडा वाचा : २४.० मिलिव्होल्ट. भागिले ४.८ अँपिअर. रोध ५.० मिलिओहम.

लाल फेजवर हेच करा : ०.५ मिलिव्होल्ट, म्हणजे सुमारे ०.१ मिलिओहम. निळ्यावर ०.६. पायरी दोनमध्ये जे तिघे ०.३ म्हणून एका रांगेत उभे होते, त्यांच्यात आता चाळीस-पन्नासपटींचा फरक दिसतो आहे. मीटर त्याच जातीचा आहे, लीडही तशाच बारीक आहेत.

मग लीडचा रोध गेला कुठे? कुठेही गेला नाही. दोन्ही जोड्यांचा रोध जागेवरच आहे, पण आकड्यात शिरायची वाट दोघांनाही बंद झाली आहे, आणि दोघांना वेगवेगळ्या कारणांनी.

करंटच्या जोडीत रोध आहे आणि करंटही मोठा आहे, म्हणून तिच्यावर भरपूर व्होल्टेज पडते, सांध्याच्या कितीतरी पट. पण ते व्होल्टेज मीटरच्या दोन टोकांच्या बाहेर पडते. मीटर फक्त आपल्या दोन टोकांमधले पाहतो. ती १५ मीटर केबलही आता करंटची लीडच झाली आहे. तिचा रोध १३ मिलिओहम, सांध्याच्या अडीचपट, पण आकड्यात तिचा कणही नाही.

व्होल्टेजच्या जोडीतही रोध आहे, तोच पायरी दोनमधला ०.३ ओहम. पण तिच्यातून करंटच जवळजवळ जात नाही. मीटरचा व्होल्टेजच्या रेंजवरचा अंतर्गत रोध साधारण १० मेगाओहम, म्हणजे एक कोटी ओहम असतो. २४ मिलिव्होल्टला त्यातून अडीच नॅनोअँपिअरच्या आसपास करंट जातो. एवढ्याशा करंटला ०.३ ओहमवर एक नॅनोव्होल्टही पडत नाही. चूक किती, तर ०.३ भागिले एक कोटी. थिंबलवरच्या काजळीमुळे स्पर्शरोध हजार ओहम झाला तरी चूक दहा हजारात एक. पायरी तीनमध्ये ज्या स्पर्शाने सगळा हिशेब बुडवला, तो इथे बिनमहत्त्वाचा ठरतो.

चार वायरींची सगळी युक्ती एवढीच आहे : ज्या वायरींवर व्होल्टेज पडते त्यांच्याकडे मीटर पाहत नाही, आणि ज्या वायरींमधून मीटर पाहतो त्यांच्यावर व्होल्टेज पडत नाही. लीडचा रोध मोजून वजा करावा लागत नाही, म्हणून तो बदलला तरी बिघडत नाही.

पायरी ६ : चार वायरी लावूनही दोन वायरींची चूक परत मिळवा

ज्यांना पायरी पाचचा निकाल फारच चांगला वाटला त्यांच्यासाठी सोपा उपाय आहे. मीटरचे टोक सांध्यावर न टेकवता करंटच्या क्लिपवरच टेकवा. क्लिप गुळगुळीत धातूची असते, टोक छान बसते. आता क्लिपचे दात जिथे टर्मिनलला चावतात त्या जागेचा रोध मीटरच्या दोन टोकांच्या आत आला, आणि तिथून पूर्ण ४.८ अँपिअर जातात. काही मिलिओहम सहज मिळतील. निळ्या फेजचा ०.६ बघता बघता तीस-चाळीस मिलिव्होल्ट होईल आणि एक चांगला सांधा वाईट ठरेल.

हे झाले आहे की नाही, ते ओळखण्याची खूण अशी : आकडा बघत करंटची क्लिप हलवा, दाबा, जरा फिरवा. मांडणी बरोबर असेल तर मिलिव्होल्टमध्ये काही फरक पडणार नाही. करंटच कमी-जास्त झाला, तर दोन्ही आकडे सारख्या प्रमाणात हलतील आणि भागाकार तोच राहील. क्लिप हलवताच फक्त मिलिव्होल्ट नाचू लागले, तर तुम्ही क्लिप मोजत आहात. बाजारात मिळणाऱ्या केल्विन क्लिपचे दोन जबडे एकमेकांपासून इन्सुलेट केलेले असतात ते याचसाठी. एका जबड्यातून करंट जातो, दुसरा व्होल्टेज पाहतो आणि दोघांची भेट मोजायच्या वस्तूवरच होते.

याच गोष्टीची दुसरी बाजू जास्त उपयोगाची आहे. तुम्ही टोके जिथे ठेवाल त्यांच्या मधला भाग मोजला जातो, तेव्हा टोके सरकवून तुम्ही सांधा आतून फोडून पाहू शकता. पिवळ्या फेजच्या त्या २४ मिलिव्होल्टमध्ये दोन सांधे आहेत : तार आणि थिंबलची नळी यांच्यातला क्रिंप, आणि थिंबलचा चपटा भाग आणि टर्मिनल यांच्यातला बोल्ट. एक टोक तारेवरच ठेवा आणि दुसरे थिंबलच्या चपट्या भागावर आणा : २२.५. आता थिंबलच्या चपट्या भागापासून टर्मिनलपर्यंत : १.५. दोष क्रिंपमध्ये आहे. बोल्टमध्ये जरासा मळ आहे, तो पॉलिश पेपरने जाईल.

हे न पाहता कोणीही काय केले असते? पाना घेऊन बोल्ट आवळला असता. २४ चे साडेबावीस झाले असते, थिंबल तसेच तापत राहिले असते, आणि पुढच्या आठवड्यात अजून जोराने आवळल्यावर टर्मिनल तुटले असते. अ‍ॅल्युमिनिअमच्या तारेवर हवेत लगेच ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज वाहून नेत नाही. तार न खरवडता, पेस्ट न लावता, थिंबल हातोड्याने ठोकून बसवले की नळीत हा थर तसाच राहतो. तारेवर टोक टेकवताना एक काळजी घ्यावी : पिळातल्या तारांचा एकमेकींशी संपर्कही याच थरामुळे खराब असू शकतो. म्हणून दोन-तीन वेगवेगळ्या तारा खरवडून टेकवून पाहावे. आकडे सारखे आले तर बरे. वेगळे आले तर करंट तारांमध्ये सारखा वाटला जात नाही, आणि तीही क्रिंप वाईट असल्याचीच खूण आहे.

पायरी ७ : बॅटरी उलटी करा

आता चांगल्या सांध्यांकडे जरा बारकाईने पाहू. लाल फेजवर अर्धा मिलिव्होल्ट आला, पण मिल नुकतीच बंद झाली आहे, पेटी अजून गरम आहे. तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअम जिथे भेटतात तिथे तापमानाच्या फरकाने स्वतःचेच थोडे व्होल्टेज तयार होते, अंशामागे काही मायक्रोव्होल्ट. दहा अंशांचा फरक असेल तर ०.०५ मिलिव्होल्टच्या आसपास होते. पिवळ्या फेजच्या २४ मध्ये ते हरवून जाईल, पण लाल फेजच्या ०.५ मध्ये तो दहावा हिस्सा आहे. मीटरचा स्वतःचा शून्य एखाद्या अंकाने सरकलेला असेल तर तीही भर.

उपाय सोपा आहे. एकदा मोजा, मग बॅटरीची टोके अदलाबदल करून पुन्हा मोजा. रोधावरचे व्होल्टेज करंटबरोबर उलटे होते, उष्णतेचे होत नाही. एका बाजूने ०.६ आले आणि दुसऱ्या बाजूने उणे ०.४, तर चिन्ह सोडून सरासरी ०.५ हे खरे आणि ०.१ ही भेसळ. चार वायरींमुळे लीड बाहेर जातात. ही भेसळ मात्र दोन टोकांच्या आतच जन्मते, म्हणून तिला वेगळा उपाय लागतो.

पायरी ८ : हीच बॅटरी ट्रान्सफॉर्मरला लावू नका

एवढे जमल्यावर शेजारचा १०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर खुणावू लागतो. त्याच्या ४३३ व्होल्टच्या बाजूचा प्रत्येक फेजचा रोध दहा-वीस मिलिओहमच्या घरात असतो आणि तो चार वायरींनीच मोजतात, हे खरे. पण सांधा आणि गुंडाळी यांत फरक आहे. गुंडाळीत करंट हळूहळू चढतो, त्यामुळे आकडा स्थिर व्हायला वेळ लागतो आणि घाईने वाचलेला आकडा खोटा असतो. त्याहून वाईट म्हणजे करंट चालू असताना क्लिप निसटली, तर गुंडाळी साठवलेली ऊर्जा एकदम बाहेर टाकते आणि उच्च दाबाच्या बाजूलाही झटका उठतो. त्या कामाची यंत्रे करंट उतरवूनच वाट तोडतात. बल्ब आणि बॅटरीला ती अक्कल नाही.

शंकासमाधान

*हे कोणाच्या डोक्यातून निघाले?* विल्यम थॉमसन, पुढे ज्यांना लॉर्ड केल्विन म्हणू लागले. अटलांटिक समुद्राखालून टेलिग्राफची केबल टाकायच्या दिवसांत तांब्याची प्रत तपासणे भाग होते, आणि आखूड तांब्याच्या तुकड्याचा रोध जोडणीच्या वायरींपेक्षाही कमी भरतो. १८६१ च्या सुमाराला त्यांनी दुहेरी ब्रिज मांडला. १० मेगाओहमचा मीटर त्यांच्याजवळ नव्हता, म्हणून जोडणीच्या तुकड्याचा परिणाम रद्द करायला त्यांनी रोधांच्या गुणोत्तराची दुसरी जोडी वापरली. आपल्या पॉलिटेक्निकच्या प्रयोगशाळांत केल्विन ब्रिजची जी लाकडी पेटी असते ती हीच, आणि नमुन्याला त्यावर चार टर्मिनल का आहेत, हा तोंडी परीक्षेतला प्रश्नही त्यातूनच आलेला.

*ही युक्ती फक्त लहान रोधालाच लागते का?* नाही. वाटेतला रोध मोजायच्या रोधाच्या मानाने मोठा झाला की ती लागते. विहीर किंवा बोअर कुठे घ्यावी हे पाहायला भूजल सर्वेक्षणवाले जमिनीत चार सळया एका रेषेत ठोकतात. बाहेरच्या दोन करंट सोडतात, आतल्या दोन व्होल्टेज पाहतात. उन्हाळ्यातल्या कोरड्या मातीत एकेका सळईचा स्पर्शरोध शेकडो-हजारो ओहम असतो आणि मधल्या जमिनीचा त्याच्या मानाने किरकोळ. दोनच सळयांवर मोजले तर आकडा सळईभोवतीच्या मूठभर मातीचा येईल, खालच्या खडकाचा येणार नाही. करंटच्या सळयांपाशी मिठाचे पाणी ओततात ते करंट पुरेसा जावा म्हणून.

*चार वायरी लावल्या की आकडा आपोआप खरा होतो का?* लीडपुरता. करंट चुकीचा वाचला, टोके चुकीच्या जागी टेकली, दुसऱ्या कुठल्या समांतर वाटेने करंट फुटला, तर चार वायरी ती चूकही मोठ्या इमानाने दाखवतात.

पायरी ९ : दुरुस्ती आणि नोंद

पिवळ्या फेजचे थिंबल कापून टाका. तार खरवडा, पेस्ट लावा, योग्य मापाचे नवे थिंबल योग्य डायने दाबा. टर्मिनल पॉलिश पेपरने साफ करून बोल्ट बसवा. पुन्हा ४.८ अँपिअर सोडा : ०.६ मिलिव्होल्ट. रोध ०.१२५ मिलिओहम, भार असताना उष्णता साधारण अर्धा वॉट. हा आकडा तारखेसह पेटीच्या दाराच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा, तिन्ही फेजचा. पुढच्या हंगामाआधी कोणी मोजले आणि एखादा ०.६ चा ३ झाला असला, तर स्लीव्ह तपकिरी पडायच्या आधीच कळेल.

मालक विचारेल, "मग आता मीटर काय दाखवून राहिला?" त्याच्या समाधानासाठी तोच मीटर २०० ओहमवर लावून टोके नव्या थिंबलवर टेकवा. ०.३ येईल. बिल लिहिताना मात्र मिलिव्होल्टचे दोन आकडे लिहा, दुरुस्तीआधीचा आणि नंतरचा.